साच्यात मेण किती लागेल? मापावरून वजन काढायची रीत

मेण बाजारात किलोवर मिळतं आणि साचा विकत घेताना त्याची उंची-रुंदी सांगितली जाते. नवीन माणूस अडतो तो इथेच. सहा सेंटिमीटर रुंद आणि तेरा सेंटिमीटर उंच साच्याला किती ग्रॅम मेण लागेल, हे डोळ्यानं कळत नाही. मग बेळगावातून किंवा कोल्हापुरातून अंदाजानं पाच किलो मेण येतं आणि ऐन दिवाळीत शेवटच्या चार मेणबत्त्यांना कमी पडतं. खानापूर, निपाणीकडच्या माणसाला तेवढ्यासाठी पुन्हा एसटीचा हेलपाटा. हिशेब मात्र पाच मिनिटांचा आहे. साच्याच्या पोटात किती मिलिलिटर मावतं ते काढायचं आणि त्याला ०.९ नं गुणायचं. आलेला आकडा म्हणजे मेणाचे ग्रॅम.

हा ०.९ कुठून आला ते आधी बघू. एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम. मेण पाण्याहून हलकं असतं, म्हणून त्याचा तुकडा पाण्यावर तरंगतो. घट्ट पॅराफिन मेणाच्या एका मिलिलिटरचं वजन साधारण ०.९ ग्रॅम भरतं. सोया मेणालाही हाच आकडा चालतो. मधमाश्यांचं मेण जरा जड, साधारण ०.९६.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा, कारण बहुतेक गोंधळ तिच्यातूनच होतो. ०.९ हा आकडा थंड, घट्ट मेणाचा आहे. वितळलेलं पॅराफिन फुगतं. ओतण्याइतकं गरम असताना त्याच्या एका मिलिलिटरचं वजन ०.७७ ग्रॅमच्या आसपासच असतं. म्हणजे साचा गरम मेणानं काठोकाठ भरला, तरी थंड झाल्यावर तो भरण्यापुरतं मेण त्यात नसतं. कमी पडलेली जागा खड्डा होऊन वर दिसते, नाहीतर पोकळी होऊन आत लपते. म्हणून प्रत्येक साच्याचे दोन आकडे काढायचे: एकूण मेण किती, आणि पहिल्या ओतीत किती जाईल.

साचा मोजणे

पट्टीनं मोजायचा तर साच्याची आतली बाजू मोजा. ॲल्युमिनियमच्या पातळ साच्यात आत-बाहेरचा फरक फारसा नसतो, पण सिलिकॉनच्या साच्याची भिंत सहज पाच मिलिमीटर जाड असते. सहा सेंटिमीटरच्या साच्याला बाहेरून मोजून सात धरले, तर हिशेब छत्तीस टक्क्यांनी चढतो. उंचीही काठापर्यंत धरू नका. मेण जिथपर्यंत भरणार तिथपर्यंतच धरा.

गोल, सरळ नळकांड्यासारख्या साच्यासाठी त्रिज्या आणि पायच्या भानगडीत पडायची गरज नाही. व्यास गुणिले व्यास गुणिले उंची गुणिले ०.७८५ केलं की मिलिलिटर मिळतात. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये हवीत. थेट ग्रॅम हवे असतील तर ०.७८५ च्या जागी ०.७०७ घ्या, त्यात ०.९ चा गुणाकार आधीच झालेला आहे. चौकोनी साच्याला लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, आणि मग ०.९.

टोकदार शंकूला त्याच मापाच्या नळकांड्याच्या बरोबर एक तृतीयांश मेण लागतं. पेल्यासारखा वर रुंद आणि खाली अरुंद साचा असेल, तर वरच्या आणि खालच्या व्यासाची सरासरी काढून तो सरळ नळकांडं समजला तरी काम भागतं. वर आठ, खाली सहा, उंची दहा असलेल्या पेल्यात खरं माप ३८७ मिलिलिटर आहे आणि सरासरी सात धरून ३८५ येतं. एवढा फरक पातेल्याच्या कडेलाच राहतो. मात्र साचा जितका टोकाकडे निमुळता, तितकी ही सरासरी फसवते. पूर्ण शंकूला ती लावली तर पाव हिस्सा मेण कमी धरलं जातं.

साच्याची मापं दुकानात बऱ्याचदा इंचात सांगतात. मापं इंचात घेऊन उत्तर मिलिलिटरमध्ये समजणं ही चूक हमखास होते. एक तर प्रत्येक माप २.५४ नं गुणून सेंटिमीटर करा, नाहीतर इंचातच हिशेब करून शेवटी एका घन इंचाला पावणेपंधरा ग्रॅम मेण धरा. तीन इंच व्यास आणि चार इंच उंचीचा साचा घेतला, तर ३ × ३ × ४ × ०.७८५ म्हणजे साधारण २८.३ घन इंच. त्याला पावणेपंधरानं गुणलं की ४१७ ग्रॅम.

वेडावाकडा साचा असेल तर पाणी

गणपती, गुलाब, पानाफुलांची नक्षी असले साचे पट्टीनं मोजायच्या फंदात पडू नका. तिथे पाण्याइतकं अचूक माप दुसरं नाही. घरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. साचा काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा आणि मेण जिथपर्यंत भरणार तिथपर्यंत पाणी भरा. काटा १८० ग्रॅम दाखवत असेल, तर साच्यात १८० मिलिलिटर मावतं आणि मेण लागेल १६२ ग्रॅम.

साचा काट्यावर मावत नसेल किंवा काट्यावर पाणी सांडायची भीती असेल, तर उलटं करा. जग पाण्यानं भरून त्याचं वजन घ्या, त्यातून साचा भरा आणि जग पुन्हा तोला. जितकं वजन घटलं तितके मिलिलिटर.

पाणी भरताना वातीचं भोक आधी टेपनं बंद करा. दोन फाकांचा साचा असेल तर रबरबँड घट्ट गुंडाळा, आणि तरीही पाणी झिरपत असेल तर लगेच तोलून घ्या. मऊ रबरी साचा भरल्यावर पोटात फुगतो, त्यामुळे आकडा वाढतो. असा साचा ओतताना ज्या डब्यात किंवा ग्लासात उभा करणार, त्यातच उभा करून मोजा. छोट्या साच्यांत, विशेषतः पणतीच्या वाटीत, पाणी काठावर फुगून उभं राहतं. पंधरा मिलिलिटरच्या वाटीत एवढ्यानंही फरक पडतो, म्हणून अशा दहा वाट्या एकत्र भरून दहानं भागा.

काही जण पाण्याऐवजी तांदूळ भरतात. तसं करू नका. दाण्यांच्या मधली हवा तोलली जात नाही आणि नक्षीच्या बारीक खाचांत दाणा शिरतही नाही.

पाण्याचं माप झालं की साचा पूर्ण वाळू द्या. एखादा थेंब आत राहिला तर गरम मेणाखाली त्याची वाफ होते, मेण तडतडतं आणि मेणबत्तीच्या अंगावर फोड येतात. खानापूर भागात पावसाळ्यात नुसता उपडा ठेवलेला साचा दुसऱ्या दिवशीही खाचांत ओला असतो. कपड्यानं टिपून पंख्याखाली ठेवा. माप एकदाच घ्यायचं असतं, तेव्हा ते कोरड्या दिवसांत उरकलेलं बरं.

हातात साचा नाही, पण गिऱ्हाइकानं नमुन्याची मेणबत्ती आणून दिली आहे, अशी वेळही येते. मेण तेच असेल तर तिला सरळ तोला, तेवढंच मेण लागेल.

तुमच्या मेणाचा आकडा ०.९ च आहे का?

बाजारातलं पॅराफिन सगळीकडे एकसारखं नसतं आणि जुनं, भेसळीचं मेणही मिळतं. मोठी ऑर्डर असेल तर एकदा तपासून घ्या. मेणाचा, आत पोकळी नसलेला एक तुकडा तोला, समजा ४५ ग्रॅम भरला. आता काट्यावर पाण्यानं अर्धं भरलेलं पातेलं ठेवून आकडा शून्य करा. तुकडा पाण्यावर तरंगेल. बारीक सुई किंवा तार त्यात खुपसून तो पूर्ण पाण्याखाली दाबा, पण पातेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तितके मिलिलिटर तुकड्याचं आकारमान. आकडा ५० आला तर ४५ भागिले ५० म्हणजे ०.९, मेण ठीक आहे. ४९ आला तर ०.९२ धरा. हात थरथरला तर आकडा नाचतो, म्हणून दोन-तीनदा बघा. तुकडा चाळीस-पन्नास ग्रॅमहून लहान घेऊ नका. पाच-दहा ग्रॅमच्या तुकड्यात एका ग्रॅमची चूकही सगळा हिशेब बिघडवते.

एक ऑर्डर पूर्ण मांडून पाहू

समजा बेळगावच्या कॅम्प भागातून नाताळसाठी चोवीस मेणबत्त्यांची मागणी आली. खाली सरळ खांब, वर निमुळतं टोक. साच्याचा आतला व्यास सहा सेंटिमीटर, सरळ भाग नऊ सेंटिमीटर आणि टोक चार सेंटिमीटर. साचा ओतताना उलटा उभा राहतो, म्हणजे टोक खाली आणि तोंड वर.

सरळ भाग: ६ × ६ × ९ × ०.७८५, म्हणजे २५४ मिलिलिटर. टोक: ६ × ६ × ४ × ०.७८५ भागिले तीन, म्हणजे ३८ मिलिलिटर. एकूण २९२. त्याला ०.९ नं गुणलं की २६३ ग्रॅम. हे झालं एका मेणबत्तीचं पूर्ण मेण.

आता पहिली ओत. २९२ गुणिले ०.७७ म्हणजे २२५ ग्रॅम. साचा काठोकाठ भरलेला दिसेल तेव्हा आत २२५ ग्रॅमच गेलेलं असेल. उरलेले ३८ ग्रॅम दुसऱ्या ओतीचे. प्रत्यक्षात मेण गार होताना भिंतीपासूनही किंचित सुटतं. त्यामुळेच तर मेणबत्ती साच्यातून निघते. म्हणून तयार मेणबत्ती २६३ ऐवजी २५५ ते २६० ग्रॅम भरते. खरेदीसाठी मात्र २६३ च धरा.

चोवीस मेणबत्त्यांना ६,३१२ ग्रॅम. पातेल्याला, पळीला चिकटणारं आणि वातीत मुरणारं पाच टक्के वाढवा, साधारण ६,६०० ग्रॅम. मेणबत्ती कडक व्हावी म्हणून यात स्टिअरिक ॲसिड घालणार असाल तर इथे थांबून नीट बघा. ‘दहा टक्के’ म्हणतात ते बहुधा मेणाच्या दहा टक्के, म्हणजे शंभर भाग मेणाला दहा भाग. एकूण ६,६०० हवं असेल तर सहा किलो मेण आणि सहाशे ग्रॅम स्टिअरिक. ६,६०० ग्रॅम मेण घेऊन वर आणखी ६६० ग्रॅम स्टिअरिक ओतलं तर दोन-अडीच मेणबत्त्यांचा माल उगाच पडून राहतो. रंग आणि सुगंधी तेलाचं वजनही याच एकूण वजनात धरायचं.

साचे चार असतील तर सहा खेपा होतील. एका खेपेला एक किलो मेण आणि शंभर ग्रॅम स्टिअरिक वितळवा. चार साच्यांच्या पहिल्या ओतीत ९०० ग्रॅम जाईल आणि २०० ग्रॅम दुसऱ्या ओतीसाठी मागे राहील. त्यातून जे उरेल ते पुढच्या खेपेत मिसळा. पातेलं निवडताना लक्षात ठेवा, की एक किलो वितळलेलं मेण सव्वा लिटरहून जास्त जागा घेतं. ११०० ग्रॅमला साधारण १,४३० मिलिलिटर लागतात. दीड लिटरचं भांडं काठोकाठ भरतं, निदान दोन लिटरचं घ्या. ते थेट शेगडीवर न ठेवता पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि पेटतं असताना तिथून हलू नका. मेणानं पेट घेतलाच तर त्यावर पाणी अजिबात मारायचं नाही. शेगडी बंद करून झाकण टाकायचं.

इथली आणखी एक ठरलेली चूक म्हणजे मापाच्या जगानं मेण ओतणं. जगावर २६३ ची रेघ बघून ओतलं तर ते २६३ मिलिलिटर झालं, आणि गरम मेणाचे तेवढे मिलिलिटर म्हणजे जेमतेम २०२ ग्रॅम. मेण नेहमी काट्यावर तोलूनच घ्या, शक्यतो वितळवण्याआधी.

दुसरी ओत: वेळ आणि उंची

५८-६० अंशांना वितळणारं साधं पॅराफिन पंच्याहत्तर ते ऐंशी अंशांवर ओतलं, की थोड्या वेळानं वर साय धरते. साय बोटाला लवचीक लागेल इतपत झाली की वातीभोवती दोन-तीन ठिकाणी लोखंडी सळईनं भोकं पाडा. मेणबत्तीच्या उंचीच्या निम्म्याहून खाली सळई गेली पाहिजे. आत मेण अजून पातळ असतं आणि आकसताना ते हवा मागतं. भोक नसेल तर वरची साय आत ओढली जाते किंवा वातीशेजारी बंद पोकळी राहते. भोकं बुजू लागली तर पुन्हा मोकळी करा.

बेळगावच्या डिसेंबरातल्या गारठ्यात साय लवकर धरते. एप्रिलच्या उन्हाळ्यात तीच मेणबत्ती बराच वेळ घेते. म्हणून घड्याळापेक्षा सायीवर नजर ठेवा.

मध्ये खोल खड्डा पडला आणि मेण कडेनं घट्ट झालं की दुसरी ओत घाला. मागे ठेवलेलं मेण पहिल्या वेळेपेक्षा पाचेक अंश जास्त गरम असू द्या, म्हणजे ते जुन्या मेणात नीट एकजीव होतं. पातळी पहिल्या ओतीच्या रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर खालीच ठेवा. रेषेवर गेलं की मेण साचा आणि मेणबत्ती यांच्या फटीत उतरतं, अंगावर पापुद्रा येतो आणि मेणबत्ती साच्यात अडकते. उलट, पहिली ओत पूर्ण गार झाल्यावर दुसरी घातली तर दोन थर वेगळे राहतात आणि बुडाची चकती पुढे सुटून येते.

३८ ग्रॅम काढून ठेवले होते आणि साच्यानं पंधराच घेतले, असं झालं तर मेण वाचलं म्हणून खूश होऊ नका. ती जागा आत कुठेतरी रिकामी आहे.

म्हणून साच्यातून काढलेली पहिली मेणबत्ती लगेच काट्यावर ठेवा. २५५ ते २६० च्या दरम्यान असेल तर बाकीच्या तशाच ओता. २४० च्या खाली भरली तर वरून ती कितीही गुळगुळीत दिसो, आत वीसेक मिलिलिटरची पोकळी आहे. जळताना ज्योत तिथवर पोचली की वितळलेलं मेण एकदम आत खचतं आणि वात बुडते. अशी मेणबत्ती उभी चिरून बघा. पोकळी वातीला लागून वरपासून खालपर्यंत असेल तर भोकं उशिरा किंवा उथळ पाडली होती. बुडाजवळ रुंद असेल, म्हणजे साच्याच्या तोंडाकडे, तर दुसरी ओत कमी पडली. अंगभर बारीक बुडबुडे असतील तर ओतताना धार उंचावरून पडली किंवा साचा ओला होता. तुकडे पुन्हा वितळवून त्याच मापात वापरता येतात. जुनी वात गाळून काढा, आणि काजळी धरलेला भाग असेल तर तेवढा तासून टाका.

साच्याचे आकडे पक्के झाले की ते साच्याच्या बाहेरच मार्करनं लिहून ठेवा: २९२ मिलि, २६३ ग्रॅम, पहिली ओत २२५. यात मिलिलिटरचा आकडा सगळ्यात कामाचा, कारण मेण बदललं तरी तो बदलत नाही. पुढे कुणी याच साच्यात मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती मागितली, तर २९२ ला ०.९६ नं गुणा आणि २८० ग्रॅम मेण तोलून घ्या.